घास घशाशी का अडतो?

समजा, सोनगीरच्या एखाद्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीला लग्नाच्या पंगतीत बट्टीचा कोरडा घास लागला. जोराचा ठसका आला, डोळे पांढरे झाले, पाठीत थापा मारल्यावर घास सुटला. घरचे विसरले, पण ती विसरली नाही. आधी बट्टी सुटली, मग भाकरी, मग भात. महिन्याभराने ती ताक आणि वरणाच्या पाण्यावर आली. पंगतीला जायचे म्हटले की तिचे पोट दुखते. आई म्हणते, "पोरीचे नखरे वाढलेत."

बायांनो, हे नखरे नव्हेत. आपण गिळतो तेव्हा श्वासनळी आपोआप झाकली जाते. भीती वाटली की तोंड कोरडे पडते, घशाचे स्नायू आवळतात आणि घास खरोखरच अडल्यासारखा वाटतो. पोरगी तो थुंकते, भीती तेवढ्यापुरती उतरते, अन् दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन येते. ओकारीच्या भीतीचेही असेच. एकदा एस.टी.त उलटी झाली की माणूस प्रवासाआधी जेवत नाही, प्रत्येक भाजी हुंगून बघतो. भीतीपायी अन्न टाकण्याच्या अशा आजाराला डॉक्टरांच्या पुस्तकात 2013 साली स्वतंत्र नाव मिळाले.

पण आधी डॉक्टरांना घसा दाखवा. घन पदार्थ दिवसेंदिवस जास्त अडू लागले, पुढे पाणीही अडू लागले, गिळलेले परत वर आले, रक्त पडले, तर तो भीतीचा खेळ नसतो. तंबाखू खाणाऱ्या थोरल्या माणसाच्या बाबतीत तर मुळीच थांबू नये. भीतीच्या दुखण्यात मात्र गप्पांच्या नादात तोच घास सहज उतरतो.

तपासणी निर्धोक निघाली की पायऱ्या आखाव्यात. पहिले तीन-चार दिवस पातळ खिचडी, मग मऊ भात, मग वरणात कुस्करलेली बट्टी, मग दुधात भिजवलेली भाकरी, आणि सरतेशेवटी कोरडी कोर. एका पायरीवर भीती आपसूक उतरेपर्यंत थांबावे, मगच पुढे जावे. भाकरीवर आल्यावर शेजारणीच्या घरी दोन घास खावेत. पंगत त्याच्याही नंतर.

चूक होते ती दोन ठिकाणी. एक, आई रागाने घास कोंबते. दुसरी चूक लपलेली असते. पोरगी प्रत्येक घासाला घोटभर पाणी पिते, घास पन्नास वेळा चावते. त्याने घास उतरतो खरा, पण 'पाण्यामुळेच वाचले' असे मनात बसते. म्हणून ती सवयही हळूहळू सोडवावी लागते.

वजन उतरत असेल, चक्कर येत असेल, तर घरच्या पायऱ्यांवर विसंबू नका. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. मन मोकळे करायला सरकारचा 'टेलि मानस' 14416 हा फुकट क्रमांक 2022 पासून आहे, आणि मराठीतून बोलता येते. डॉक्टरांना सांगताना "जेवत नाही" एवढेच सांगू नका. कोणता घास, कधीपासून, आणि काय घडल्यावर अडू लागला, ते सांगा.