परत आलेला मेल काय सांगतो?

१५ डिसेंबर २०२० रोजी जीमेलवर मेल पाठवणाऱ्या अनेकांना एक चमत्कारिक उत्तर मिळू लागलं. ज्या पत्त्यावर रोजचा पत्रव्यवहार चालायचा, त्याच पत्त्यावरचा मेल क्षणात परत येत होता. सोबत कोड होता `550 5.1.1`, म्हणजे असं खातंच नाही. खाती तर जागच्या जागी होती. गूगलच्या आत सेटिंग्जची एक यंत्रणा बदलण्याचं काम चाललं होतं आणि त्यात मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरच्या हाती gmail.com ऐवजी भलतंच डोमेन पडलं. त्या डोमेनखाली तो माणसं शोधत राहिला, कोणीच सापडेना, म्हणून प्रत्येकाला ‘नाही’ सांगत राहिला.

काही तासांत दुरुस्ती झाली, पण मधल्या वेळात परत गेलेले मेल गेले ते गेलेच. त्या सर्व्हरने 5 ऐवजी 4 ने सुरू होणारा कोड दिला असता, तर तेच मेल पाठवणाऱ्यांच्या सर्व्हरवर थांबून राहिले असते आणि दुरुस्तीनंतर आपोआप पोचले असते. काही बिघडलं होतं हे बहुतेकांना कळलंही नसतं.

ही वाटणी जुनी आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या एसएमटीपीच्या नियमांतच ती ठरलेली आहे. मेल घेणारा सर्व्हर प्रत्येक पायरीवर तीन आकडी उत्तर देतो. 2 ने सुरू झालं तर काम झालं, 4 ने सुरू झालं तर आत्ता जमत नाही, नंतर या, आणि 5 ने सुरू झालं तर नाही, हेच घेऊन पुन्हा येऊ नका. पोस्टमनने पाकिटावर ‘घर बंद’ लिहिणं आणि ‘या पत्त्यावर असा इसम राहत नाही’ लिहिणं, यांत जो फरक तोच इथे. फक्त हा शेरा तुमच्यासाठी नसतो, तुमच्या बाजूच्या सर्व्हरसाठी असतो. मेल रांगेत ठेवायचा की तुमच्याकडे परत करायचा, हे तो त्यावरून ठरवतो.

4 मिळाल्यावर सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दार ठोठावतो. प्रमाणित नियम म्हणतो की दोन प्रयत्नांत साधारण अर्धा तास जाऊ द्या आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नका. पोस्टफिक्स हा सर्रास वापरला जाणारा मेल सर्व्हर, कोणी सेटिंग बदललं नसेल तर, पाच दिवस वाट पाहतो. दरम्यान काही सर्व्हर तुम्हाला ‘उशीर होतोय’ अशी सूचना पाठवतात. अजून किती तास प्रयत्न चालू राहील, हेही जीमेल त्यात लिहितो. नेमकी हीच सूचना न वाचता लोक मेल पुन्हा पाठवतात आणि मग समोरच्याला एकच बिल दोनदा मिळतं.

काही वेळा तर 4 मुद्दाम दिला जातो. ग्रेलिस्टिंग नावाची एक युक्ती आहे: अनोळखी सर्व्हरकडून पहिल्यांदा मेल आला की तात्पुरता नकार द्यायचा आणि काही मिनिटांनी तो परत आला की घ्यायचा. स्पॅम पाठवणारे सहसा परत येण्याची तसदी घेत नाहीत, या हिशेबावर ती चालते. लॉगिनसाठीचा ओटीपी मेलवर दहा मिनिटं उशिरा येण्यामागे कधी कधी हेच कारण असतं.

आता तीन आकड्यांनंतर येणारा, टिंबांनी तोडलेला दुसरा कोड. हा १९९६ नंतर रूढ झाला, कारण नुसत्या 550 वरून नकाराचं कारण कळत नव्हतं. यातला पहिला आकडा तोच, 4 किंवा 5. दुसरा आकडा अडचण कुठल्या खात्यातली ते सांगतो: 1 असेल तर पत्ता, 2 असेल तर मेलबॉक्स, 4 असेल तर नेटवर्क, 7 असेल तर सुरक्षा आणि धोरण. तिसरा आकडा नेमका तपशील. परत आलेल्या मेलमधल्या इंग्रजी मजकुराच्या खाली किंवा जोडलेल्या फाइलमध्ये साधारण असं काही सापडतं:

```
Final-Recipient: rfc822; hishob@example.com
Action: failed
Status: 5.1.1
Diagnostic-Code: smtp; 550 5.1.1 User unknown
```

शेवटच्या ओळीत समोरच्या सर्व्हरचे शब्द आहेत, बाकीचा अहवाल सहसा तुमच्याच सर्व्हरने लिहिलेला असतो. `5.1.1` चा अर्थ सरळ आहे: @ च्या आधीचं नाव तिथे नाही. स्पेलिंग तपासा, किंवा त्या व्यक्तीने नोकरी सोडली आहे का ते विचारा. `4.2.2` म्हणजे मेलबॉक्स भरला आहे. जीमेलमध्ये फुकट मिळणारी १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली असते, त्यामुळे लग्नाच्या व्हिडिओंनीही मेल अडतो. काही सर्व्हर याच कारणासाठी `5.2.2` देतात. कारण तेच, पण हा मेल लगेच परत येतो. जागा मोकळी होईल की नाही, याचा अंदाज ज्याने त्याने आपापल्या परीने बांधलेला असतो.

सगळ्यात जास्त गैरसमज 7 च्या खात्यात होतात. समजा, एका पतसंस्थेने हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि सभासदांना पावत्या त्याच सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवरून, पण पतसंस्थेच्या स्वतःच्या डोमेनच्या नावाने जाऊ लागल्या. जीमेलवाल्या सभासदांकडचे मेल `550 5.7.26` घेऊन परत आले. ‘सभासदांनी आपल्याला ब्लॉक केलंय’ असा समज करून कारकून त्यांना फोन लावत सुटतो. सभासदांचा यात काहीच संबंध नसतो. जीमेल एवढंच म्हणतोय की हा मेल खरंच त्या डोमेनच्या मालकाने पाठवला, याचा पुरावा मिळत नाही. उपाय पतसंस्थेच्याच हातात आहे: डोमेनच्या डीएनएस नोंदींत त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरला एसपीएफमध्ये परवानगी द्यायची आणि डीकेआयएमची सही सुरू करायची. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने हे नियम कडक केले आहेत. नुसत्या `5.7.1` वर मात्र फार विसंबू नये. त्या कोडखाली स्पॅमच्या संशयापासून ‘या गटाला बाहेरच्यांनी लिहायचं नाही’ इथपर्यंत काहीही येतं, तेव्हा त्यापुढचं वाक्य वाचण्याला पर्याय नाही.

आणखी एक जोडी फसवी आहे: `Action: failed` आणि खाली `Status: 4.4.1`. कोड तात्पुरता, पण निकाल अंतिम. तुमचा सर्व्हर दिवसांमागून दिवस प्रयत्न करून थकला आणि शेवटचं उत्तर जसंच्या तसं लिहून मोकळा झाला. `4.4.1` म्हणजे पलीकडचा सर्व्हर फोनच उचलत नाही. हे बऱ्याचदा डोमेनच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरामुळे होतं. चुकलेलं डोमेन अस्तित्वातच नसेल तर मेल ताबडतोब परत येतो आणि चूक कळते. पण ते डोमेन कोणीतरी घेऊन ठेवलेलं असेल आणि तिथे मेल स्वीकारणारं कोणी नसेल, तर कळायला पाच दिवस जातात. म्हणून निविदेची किंवा प्रवेशअर्जाची मुदत जवळ असेल, तर ‘उशीर होतोय’ ही पहिली सूचना येताच पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा आणि `Action` च्या पुढे `delayed` आहे की `failed` ते पाहावं. `delayed` असून पत्ता बरोबर असेल तर मेल पुन्हा न पाठवता समोरच्या कार्यालयात फोन करावा, कारण बंद पडलेला सर्व्हर त्यांचा आहे आणि कदाचित त्यांना अजून त्याचा पत्ताच नाही.