फोटोत आलेली आयकराची नोटीस : आधी काय पाहावे?



हल्ली पांढुर्णा-सौंसर भागातल्या पुष्कळ घरांत हा प्रकार घडतो. टपालाने किंवा मोबाईलवर आयकर खात्याचा इंग्रजी कागद येतो. घरातले कोणीतरी त्याचा फोटो काढते आणि नागपूरच्या भाच्याला, गावातल्या मास्तरांना किंवा ओळखीच्या बँकवाल्याला पाठवते. सोबत एवढेच लिहिलेले असते : "हे आले आहे, काय करू?" ज्याला फोटो मिळतो तोही गोंधळतो. घाईघाईने "काही नाही, शेतीला टॅक्स नसतो" असे उत्तर देऊन तो मोकळा होतो. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे खरे. पण ती रक्कम शेतीची आहे हे खात्याला आपोआप कळत नाही. ते आपल्यालाच सांगावे लागते, आणि तेही ठरलेल्या मुदतीत.

म्हणून फोटो पाठवणाऱ्याने आणि पाहणाऱ्याने पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. फोटो पुरा आहे काय?

बहुतेक फोटोंत कागदाचा मधला भाग स्वच्छ दिसतो आणि कडा कापलेल्या असतात. नेमक्या कडेलाच कामाच्या गोष्टी छापलेल्या असतात : वर तारीख व दस्तऐवज क्रमांक, खाली सही व कार्यालयाचे नाव. रकमेचा तपशील पुष्कळदा मागच्या पानावर किंवा जोडपत्रात असतो. तेव्हा पहिले उत्तर असे द्यावे : "कागद उजेडात सपाट ठेवा, प्रत्येक पानाचा चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा. मोबाईलवर मूळ फाईल आली असेल तर फोटोऐवजी तीच पाठवा." हा कागद गावाच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. त्यावर आपला पॅन क्रमांक, पत्ता आणि बँकेतील रक्कम लिहिलेली असते.

२. कागद खरा आहे काय?

१ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असावा असा नियम आहे. कागदावर तो DIN या अक्षरांपुढे असतो. खात्याच्या incometax.gov.in या संकेतस्थळावर Authenticate notice/order issued by ITD अशी जागा आहे. तिथे हा क्रमांक आणि आपला मोबाईल क्रमांक घालावा. मोबाईलवर आलेला आकडा भरला की असे पत्र खात्याने काढले आहे की नाही ते दिसते. त्यासाठी खाते उघडलेले असण्याची गरज नाही.

क्रमांक सापडला नाही तर पैसे भरू नयेत, पण कागद फेकूनही देऊ नये. तो सनदी लेखापालाला म्हणजे सी.ए.ला दाखवावा. "या दुव्यावर बोट ठेवा आणि आजच रक्कम भरा" असा निरोप आला, किंवा कोणी फोनवर बँकेचा पिन अथवा ओ.टी.पी. मागितला, तर ती ठकबाजी समजावी. खाते असली माहिती फोनवर मागत नाही.

३. नाव, पॅन आणि वर्ष

नोटीस कोणाच्या पॅनवर आहे ते पाहावे. आपल्याकडे जमीन वडिलांच्या नावे, बँकखाते मुलाच्या नावे आणि विक्री भावाच्या हातून, असे नेहमी असते. नोटीस मात्र ज्याच्या खात्यात पैसे पडले त्याला येते. खाते जोडीचे असेल तर नियमाप्रमाणे पूर्ण रक्कम दोघांच्याही नावे कळवली जाते. त्यामुळे नवरा-बायको दोघांनाही त्याच रकमेची नोटीस येऊ शकते. अशा वेळी उत्तर दोघांनीही द्यावे, आणि रक्कम एकच आहे हे दोन्ही उत्तरांत लिहावे.

सर्वांत जास्त गफलत वर्षाची होते. १९६१ च्या कायद्याखालील नोटिशीवर 'निर्धारण वर्ष', म्हणजे A.Y., लिहिलेले असते. पैसे मिळाले ते वर्ष त्याच्या आधीचे असते. कागदावर २०२३-२४ असेल तर १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२३ या काळाचे पासबुक काढायचे. पुष्कळ जण पुढच्या वर्षाचे पासबुक उघडतात आणि "एवढी रक्कम माझ्या खात्यात नाहीच" असे लिहून मोकळे होतात. पुढे तेच उत्तर त्यांच्या अंगाशी येते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात 'कर वर्ष' हा एकच शब्द आहे. त्या कायद्याची लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. जुन्या वर्षांची प्रकरणे मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे चालतात, म्हणून ही सवय अजून लागणारच.

४. कलम आणि मुदत

कलम पाहिले की कागद काय मागतो ते कळते. १४३(१) असेल तर भरलेल्या विवरणपत्राचा तो हिशेब असतो. १४२(१) असेल तर विवरणपत्र किंवा माहिती मागितलेली असते. शेतकऱ्याला घाबरवणारी नोटीस बहुधा १४८ए कलमाची असते. तिचा अर्थ असा : "तुमचे उत्पन्न कर लागण्यातून सुटले असावे असे आम्हाला वाटते. प्रकरण का उघडू नये ते सांगा." हा निकाल नव्हे आणि कराची मागणीही नव्हे. हा विचारलेला प्रश्न आहे. उत्तराची शेवटची तारीख नोटिशीतच दिलेली असते. तिच्याभोवती गोल करावा.

एक उदाहरण

समजा, पांढुर्ण्याजवळच्या गावातील एका शेतकऱ्याला निर्धारण वर्ष २०२३-२४ साठी १४८ए ची नोटीस आली. जोडपत्रात लिहिले आहे की त्याच्या बचत खात्यात वर्षभरात १४,६०,००० रुपये रोख जमा झाले आणि त्याने विवरणपत्र भरलेले नाही. हे खात्याला कसे कळले? एका माणसाच्या बचत खात्यांत वर्षभरात मिळून १० लाख किंवा त्याहून अधिक रोख जमा झाली, तर बँकेला ते कळवावेच लागते. बँकेने कळवले, एवढेच.

पासबुकावरून त्याने प्रत्येक जमेसमोर पैसा कुठून आला ते लिहिले. बेरीज अशी निघाली :

आंबिया बहाराची संत्री, वेगवेगळ्या दिवशी गाडीगाडीने विकली : ९,२०,०००
कापूस : ३,१०,०००
आधी याच खात्यातून काढलेली व परत भरलेली रोख : १,५०,०००
दूधविक्री : ८०,०००

एकूण १४,६०,०००. बेरीज नोटिशीच्या रकमेशी जुळली, हे महत्त्वाचे. जुळली नसती तर आयकर संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण (AIS) उघडून बँकेने काय कळवले ते पाहावे लागले असते.

आता प्रत्येक रकमेला पुरावा लागतो. शेती आहे हे दाखवायला खसरा आणि बी-१ ची नक्कल घ्यावी. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याच्या जागी आपल्याकडे हेच कागद चालतात. नक्कल त्याच वर्षाची घ्यावी आणि पीक म्हणून संत्रा व कापूस नोंदलेला आहे ना ते वाचून पाहावे. नोंद चुकली असेल तर पटवाऱ्याला आधी भेटावे. विक्रीसाठी मंडीची तौल पर्ची व भुगतान पत्रक, किंवा माल नागपूरच्या कळमना बाजारात गेला असेल तर अडत्याची हिशेबपट्टी जोडावी. काढून परत भरलेल्या रकमेला पासबुकच पुरावा आहे. तारखा मात्र जवळच्या असाव्यात. दीड वर्षापूर्वी काढलेली रोख तशीच घरात होती हे कोणी सहज मानत नाही.

दुधाचे ८०,००० वेगळे ठेवावेत. दूध, कोंबड्या, शेळ्या यांचे उत्पन्न कायद्याने शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. इतर उत्पन्न नसेल तर एवढ्यावर कर बसत नाही. पण ते "शेती" म्हणून लिहिले आणि उघडकीस आले, तर बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

बागवान आणि रोख

येथे एक खाच आहे. आपल्याकडे अख्खी बाग फुलावर किंवा फळावर एकाच व्यापाऱ्याला देतात आणि रोख घेतात. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे १ एप्रिल २०१७ पासून मना आहे, आणि दंड घेणाऱ्याला आहे, तोही घेतलेल्या रकमेएवढा. हप्ते पाडले तरी व्यवहार एकच धरला जाऊ शकतो. ज्याची विक्री अशी असेल त्याने उत्तर स्वतः न लिहिता आधी सी.ए.ला सर्व खरे सांगून सल्ला घ्यावा. खोट्या पावत्या मात्र करू नयेत. त्याने शेतीचा खरा पैसाही संशयात पडतो. पुढच्या बहाराला पैसे बँकेतून घ्यावेत.

उत्तर कसे द्यावे?

उत्तर संकेतस्थळावर पॅनने लॉगिन करून e-Proceedings या जागी द्यायचे असते. कागद गोळा व्हायला वेळ लागणार असेल तर तिथेच मुदत वाढवून मागता येते. ती मुदत संपण्याआधी मागावी. मजकूर साधा असावा :

"मी शेतकरी असून सन २०२२-२३ मध्ये माझ्या खात्यात जमा झालेल्या रु. १४,६०,००० चा तपशील सोबतच्या तक्त्यात तारखेनुसार दिला आहे. पैकी रु. १२,३०,००० शेतमालाच्या विक्रीचे, रु. १,५०,००० याच खात्यातून काढून परत भरलेले व रु. ८०,००० दूधविक्रीचे आहेत. खसरा, बी-१, मंडीचे कागद व पासबुकाची नक्कल जोडली आहे. करपात्र उत्पन्न मर्यादेखाली असल्याने विवरणपत्र भरले नव्हते. तरी प्रकरण पुढे उघडू नये, ही विनंती."

हेच इंग्रजीत किंवा हिंदीत करून घ्यावे. जमीन वडिलांच्या नावे असेल तर ते एका वाक्यात सांगून नाते दाखवणारा कागद जोडावा. पाठवल्यावर पोचक्रमांक लिहून ठेवावा.

गप्प बसल्यास काय?

उत्तर न दिल्यास अधिकारी प्रकरण उघडून हाती असलेल्या माहितीवर निर्णय करू शकतो. रोख कुठून आली हे समजले नाही असे ठरले, तर त्या वर्षासाठी अधिभार व उपकर धरून कराचा दर ७८ टक्के पडतो. वरच्या उदाहरणात हे ११,३८,८०० रुपये होतात. व्याज व दंड निराळे. जो पैसा मुळात करमुक्त होता त्यावर हे ओझे येते, ते केवळ कागद न दिल्यामुळे. म्हणून फोटो आला की आधी शेवटची तारीख विचारावी, मग बाकीचे.