एक गोळी येताना, एक गोळी जाताना

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात काम करणारा चौतीस वर्षांचा एक तरुण आईला घेऊन माझ्याकडे आला. जुलै संपत आला होता. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. चार वर्षं तो रात्री १५ मिलिग्रॅम ओलान्झापिन घेत होता आणि आवाज ऐकू येणं पूर्ण थांबलं होतं. पण वजन ६८ वरून ८६ किलोवर गेलं होतं आणि एचबीए१सी ६.३ आला होता. आईला मधुमेह आहेच. आई म्हणाली, "डॉक्टर, डोकं शांत झालं, पण शरीर हातातून चाललंय." (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांचे तपशील एकत्र करून मी हा एक रुग्ण उभा केला आहे.)

हा लेख अशी औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे आणि ज्यांच्या घरात ती रोज घेतली जातात त्यांच्यासाठीही. मनोविकारविरोधी औषध बदलताना आपलं सगळं लक्ष नव्या गोळीकडे असतं. पण बदलाच्या पहिल्या काही आठवड्यांतला बराचसा त्रास जुनी गोळी जाताना देते. तो ओळखता आला नाही, तर डॉक्टर आजार उलटला असं समजतो, नव्या औषधाला दोष देतो किंवा दोन्ही गोळ्या कायमच्या चालू ठेवतो.

बदलाआधी

पहिला प्रश्न हा की बदल करायलाच हवा का. डोस कमी करून भागेल का? मेटफॉर्मिन आणि आहार-व्यायामाने वजन आवरेल का? या मुलाच्या बाबतीत आम्ही हे दोन्ही आधी करून पाहिलं. डोस १० वर आणताच झोप आणि संशय दोन्ही बिघडले होते, आणि मेटफॉर्मिनने वजन फक्त वाढायचं थांबलं होतं. म्हणून ॲरिपिप्राझोल निवडलं. ते वजन आणि साखरेला बरंच सौम्य असतं. तरी बदलात धोका असतोच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ॲरिपिप्राझोलवर गेलेल्यांचं वजन जुन्या औषधावर राहिलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे तीन किलोंनी उतरलं, पण नवं औषध मध्येच सोडणारेही त्यांच्यातच जास्त होते. हे दोन्ही मी माय-लेकांना सांगितलं.

मग नोंदी केल्या: वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल. ओठ, जीभ आणि बोटांच्या नकळत होणाऱ्या हालचाली आजच आहेत का, हेही तपासून लिहून ठेवलं. ही नोंद नसेल, तर तीन महिन्यांनी दिसणारी हालचाल नवी की जुनी, हे कुणालाच सांगता येत नाही. विडी-सिगारेटही विचारली. तंबाखूच्या धुरामुळे ओलान्झापिन शरीरातून लवकर बाहेर पडतं, तंबाखू चघळल्याने किंवा मिश्रीने तसं होत नाही. म्हणजे गोळी कमी करत असतानाच विड्या वाढल्या, तर उतार कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच तीव्र होतो. हा मुलगा दिवसाला पाच-सहा विड्या ओढायचा. या काळात त्यात फरक करायचा असेल तर आधी मला सांगायचं, असं ठरलं.

शेवटची नोंद सर्वांत मोलाची: आजार परतू लागतो तेव्हा या माणसात सगळ्यात आधी काय दिसतं? आई क्षणात म्हणाली, "मोबाइल बंद करून कपाटात ठेवतो. आणि विचारतो, खालचे लोक माझ्याबद्दल काही म्हणाले का." हे त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. घरच्यांच्या अशा निरीक्षणाचं मोल पुण्याला नवं नाही. कॅलगरीत प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन पुण्यात उभी केली ती कुटुंबांच्या याच अनुभवाच्या बळावर, आणि 'देवराई' (२००४) या चित्रपटामागेही तीच प्रेरणा होती.

मुहूर्त

बुधवार पेठेत राहणाऱ्या माणसाचा औषधबदल गणपतीच्या तोंडावर सुरू करू नये. दगडूशेठच्या परिसरातली गर्दी, ढोल, रात्रभराची वर्दळ आणि एका दिवसात न संपणारी विसर्जन मिरवणूक यांत निरोगी माणसाचीही झोप उडते. मग जागरण ढोलामुळे की औषधामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांची झुंबड असते, तेव्हाही नको. आम्ही अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार धरला. दोन महिने थांबल्याने साखरेचं फार बिघडणार नव्हतं.

पायऱ्या

दोन औषधं अदलाबदल करत नेण्याचे ढोबळ दोन मार्ग आहेत. एकात नवं वाढवत असतानाच जुनं कमी करतात. दुसऱ्यात आधी नवं पूर्ण डोसवर नेतात, तोवर जुन्याला हात लावत नाहीत, आणि मग ते हळूहळू उतरवतात. आजार स्थिर आहे आणि घाई नाही, अशा वेळी मी दुसरा मार्ग घेतो. ॲरिपिप्राझोल शरीरात अर्ध्यावर यायला सुमारे ७५ तास लागतात, त्यामुळे प्रत्येक डोसचा खरा परिणाम दिसायला दोन आठवडे जातात. त्याआधी जुनं काढलं, तर मधल्या काळात रुग्णाला पुरेसा आधार राहत नाही.

योजना अशी होती. पहिले दोन आठवडे सकाळी ५ मिलिग्रॅम ॲरिपिप्राझोल, पुढचे दोन आठवडे १०, मग १५. तोवर ओलान्झापिन १५ कायम. पाचव्या आठवड्यापासून ओलान्झापिन १० वर दोन आठवडे, ७.५ वर दोन, ५ वर तीन, २.५ वर चार, आणि मग बंद. शेवटच्या पायऱ्या लहान आणि लांब ठेवण्यामागे कारण आहे. मेंदूतल्या डोपामिनच्या जागा गोळी किती व्यापते, याचा आलेख सरळ रेषेत जात नाही. १५ वरून १० वर आल्याने फरक थोडा पडतो, ५ वरून शून्यावर जाताना तो फार मोठा असतो.

हे सगळं मी एकाच कागदावर लिहिलं, तारखांसह. 'ओलान्झापिन बंद' ही शेवटची ओळ आणि तिची तारीखही पहिल्याच दिवशी लिहिली. ही ओळ नसली की बदल अर्ध्यावर अडकतो. रुग्णाला मध्येच बरं वाटतं, कुणी धोका घेत नाही आणि दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात. घरात उरलेल्या १५ च्या गोळ्या परत मागवल्या आणि ५ व २.५ च्याच घ्यायला सांगितल्या, म्हणजे चुकून जुनी स्ट्रिप उघडली जाणार नाही. आईने त्याच तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने लिहिल्या.

पायांची अस्वस्थता

डोस १० वर गेल्यावर पाचव्या दिवशी फोन आला. मुलगा दुकानातल्या स्टुलावर बसत नव्हता, जेवतानाही उठून फेऱ्या मारत होता. घरच्यांना वाटलं, आजार उलटतोय. मी त्याला विचारलं, "अस्वस्थता डोक्यात आहे की पायांत?" तो म्हणाला, "पायांत. चाललो की बरं वाटतं." मोबाइल हातात होता, संशय नव्हता. ही अकॅथिसिया, नव्या औषधाची. इथे चूक अशी होते की अस्वस्थता पाहून डोस आणखी वाढवला जातो आणि त्रास दुप्पट होतो. आम्ही डोस ५ वर आणला, दमा नाही आणि नाडी-रक्तदाब ठीक आहे हे पाहून प्रोप्रॅनोलॉल १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं, आणि पुढची वाढ दोन आठवड्यांनी ७.५ पासून केली. योजना तीन आठवड्यांनी लांबली. दिवाळी त्यातच आली, म्हणून ओलान्झापिनची पहिली पायरी भाऊबीज उलटल्यावरच उतरलो.

जुनी गोळी जाताना

ओलान्झापिन ७.५ वरून ५ वर आल्यावर तिसऱ्या रात्री झोप उडाली. सोबत मळमळ, घाम, दोनदा जुलाब. ओलान्झापिन फक्त डोपामिनवर काम करत नाही. ते हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन यांनाही दाबून ठेवतं. वर्षानुवर्षं दाबलेल्या या दोन यंत्रणा दाब कमी होताच उसळतात. हिस्टामिनमुळे झोप जाते, ॲसिटिलकोलिनमुळे पोट, घाम आणि नाक बिघडतं.

आजार परतणं आणि ही उसळी यांत फरक करायला मी घड्याळ पाहतो. उसळी डोस उतरवल्यावर काही दिवसांतच येते, बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते, आणि एक पायरी मागे गेलं की दोन-तीन दिवसांत निवळते. आजार बहुतेक वेळा आठवड्यांनी, महिन्यांनी हळूहळू वर येतो आणि जुनाच आशय घेऊन येतो. या मुलाच्या बाबतीत तो आशय म्हणजे कपाटातला मोबाइल आणि खालचे लोक. तरी सीमारेषा नेहमी स्वच्छ नसते, कारण लांबलेलं जागरणच आजाराला ओढून आणू शकतं. शंका असेल तर एक पायरी मागे जावं. आम्ही ७.५ वर दहा दिवस थांबलो आणि पुन्हा उतरलो. दुसऱ्या वेळी तीन-चार रात्री झोप उशिरा लागली, बाकी काही झालं नाही.

तिसरी गोष्ट उशिरा दिसते: ओठ चाटणं, जबडा हलणं, बोटं वाजवल्यासारखी हलणं. डोस उतरल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ती सुरू होऊ शकते आणि बरेचदा दोन-तीन महिन्यांत जाते. टिकून राहिली तर टार्डिव्ह डिस्कायनेशिया धरून वेगळा विचार करावा लागतो. सुरुवातीची नोंद इथे कामी येते. जुनं औषध हॅलोपेरिडॉलसारखं असेल आणि सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल, तर दोन्ही एकदम बंद करू नयेत. आधी जुनं औषध उतरवावं, ट्रायहेक्सिफेनिडिल त्यानंतर हळूहळू.

क्लोझापिनला मात्र हा आराखडा लावू नये. ते अचानक थांबलं तर तीव्र मनोविकार, कधी कॅटाटोनियाही दिसतो. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर घसरणं किंवा हृदयाच्या स्नायूंना सूज येणं अशा कारणांनीच ते एकदम बंद करावं, तेही रुग्णाला नजरेखाली ठेवून. ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला, तर जुन्या डोसवर परत न जाता १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी लागते.

मोजलेल्या गोळ्या

'ओलान्झापिन बंद' या तारखेनंतर दोन आठवड्यांनी मी उरलेल्या स्ट्रिप्स मागवल्या. आईने कापडी पिशवीतून त्या टेबलावर ठेवल्या आणि आम्ही तिघांनी मोजल्या. हिशोबाने २.५ च्या १४ गोळ्या उरायला हव्या होत्या, होत्या ९. मुलगा खाली बघत म्हणाला, "झोप येत नव्हती, पाच रात्री घेतली. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही."

चूक माझी होती. त्याच्या मेंदूसाठी २.५ वरून शून्य ही सगळ्यात उंच पायरी होती आणि मी ती एका ओळीत उतरवली होती. आम्ही गोळीचा अर्धा तुकडा, म्हणजे सव्वा मिलिग्रॅम, रोज रात्री तीन आठवडे दिला, नंतर एकाआड एक रात्र दोन आठवडे. कालनिर्णयवरची जुनी तारीख आईने खोडली आणि नवी लिहिली. त्या तारखेनंतर मोजल्या तेव्हा गोळ्या बरोबर भरल्या. सहा महिन्यांनी वजन ८१ होतं, ओठ-जीभ शांत होती आणि मोबाइल त्याच्या खिशात वाजत होता.