लाइट गेल्यावर छतावरची सौर वीज कुठे जाते?

छतावर तीन किलोवॉटची पॅनेल, आकाश निरभ्र, दुपारचे बारा वाजलेले, आणि घरातला पंखा बंद. सौर यंत्रणा नव्यानं बसवलेल्या घरात पहिल्यांदा लाइट जाते तेव्हा हमखास असं होतं, आणि लगेच बसवणाऱ्याला फोन जातो की यंत्रणा बिघडली. खरं तर बिघडलेलं काहीच नसतं. ती ऑन-ग्रिड यंत्रणा असते, आणि महावितरणची लाइन गेली की तिनं बंद पडायचंच असतं.

पॅनेलमधून येणारी वीज डीसी असते. इन्व्हर्टर तिची एसी करतो आणि घराच्या वायरिंगमध्ये सोडतो. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर हे काम स्वतःच्या हिमतीवर करत नाही. बाहेरून येणाऱ्या लाइनचं २३० व्होल्टच्या आसपासचं व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची लय पकडून तो तिच्याशी आपली वीज जुळवून घेतो. ती लय तुटली की साधारण दोन सेकंदांच्या आत तो थांबतो. याचं पहिलं कारण खांबावर चढलेला वायरमन. डीपीवरून लाइन बंद केली म्हणून तो निर्धास्त तार हातात घेतो. त्याच वेळी एखाद्या छतावरून त्या तारेत वीज येत राहिली, तर त्याचा जीव जाईल. दुसरं कारण असं की ढग आला की पॅनेलची वीज झटकन उतरते, फ्रिज सुरू झाला की घराची गरज झटकन चढते. हा चढउतार एरवी बाहेरची लाइन सांभाळते. तीच नसेल तर सांभाळायला बॅटरी लागते, आणि ऑन-ग्रिडमध्ये बॅटरी नसते.

लाइट परत आल्यावरही हा इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. काही वेळ तो लाइन स्थिर आहे का ते पाहतो आणि मगच वीज देऊ लागतो. पाच-पाच मिनिटांनी लाइट ये-जा करणाऱ्या गावात दिवसाची वीज या थांबण्यातही वाया जाते. व्होल्टेज फार उतरलं किंवा फार चढलं तरी तो थांबतो. म्हणजे घरात दिवे लागलेले असतानाही सौर वीज बंद असू शकते.

एवढं असूनही बहुतेक घरांत ऑन-ग्रिडच बसते, कारण पैशाचा हिशेब तिच्या बाजूनं आहे. महाराष्ट्रात एक किलोवॉटची पॅनेल वर्षभराच्या सरासरीनं रोज चारेक युनिट देतात. तीन किलोवॉटला रोजची बारा युनिट धरावीत. घर वापरून उरलेली वीज नेट मीटरमधून बाहेर जाते आणि बिलात वळती होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. मात्र ते लाइनला जोडलेल्या यंत्रणेलाच मिळतं.

ऑफ-ग्रिडचा मामला अगदी उलटा. पॅनेल बॅटरी भरतात, बॅटरीवरून घर चालतं आणि नेट मीटरशी काही संबंध नसतो. डोंगरातली वस्ती, लाइन न पोचलेलं शेतघर, अशा ठिकाणी हीच यंत्रणा योग्य. पण गावात लाइन असताना केवळ ती वारंवार जाते म्हणून ऑफ-ग्रिड घेणं महागात पडतं. दिवसाला आठ युनिट वापरणाऱ्या घरानं एक रात्र आणि त्यापुढचा एक ढगाळ दिवस काढायचा म्हटलं, तर बॅटरीतून दहा युनिट तरी मिळायला हवीत. साधी ट्युब्युलर बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून वीस युनिट साठवण हवी. १५० एएचच्या एका बॅटरीत १.८ युनिट मावतात. म्हणजे अकरा-बारा बॅटऱ्या, त्यांची जागा, त्यांना वेळेवर डिस्टिल्ड वॉटर, आणि चार-पाच वर्षांनी सगळा संच नवा. शिवाय उन्हाळ्यात सकाळी अकरालाच बॅटऱ्या भरल्या, तर दुपारभर पॅनेलला वीज द्यायला जागाच उरत नाही आणि ती फुकट जाते.

हायब्रिड इन्व्हर्टर दोन्ही कामं करतो. लाइन असताना तो ऑन-ग्रिडसारखा वागतो, उरलेली वीज बाहेर पाठवतो आणि बॅटरी भरून ठेवतो. लाइन गेली की तो आधी घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो, म्हणजे वायरमन सुरक्षित राहतो. मग बॅटरीच्या आधारानं तो स्वतःच ५० हर्ट्झची लय तयार करतो. हे इतक्या पटकन होतं की बहुतेकदा कॉम्प्युटरसुद्धा बंद पडत नाही. पॅनेलही चालू राहतात. हे ऐकून वाटतं की लाइट जाणाऱ्या घरानं डोळे झाकून हायब्रिड घ्यावी. पण तसं ठरवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. लाइट किती वाजता जाते आणि किती वेळ जाते?

उदाहरणासाठी गुहागर तालुक्यातल्या एखाद्या गावातलं चार माणसांचं घर घेऊ. महिन्याचा वापर २४० युनिट आणि छतावर तीन किलोवॉट. लाइट गेल्यावर त्यांना तीन पंखे, पाच एलईडी दिवे, टीव्ही, वायफाय आणि फ्रिज एवढंच चालू हवं आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो हे लक्षात घेतलं, तर सरासरी मागणी ३५० वॉटच्या आसपास येते. चार तासांना १.४ युनिट लागतात.

आता समजा लाइट संध्याकाळी सात ते नऊ जाते. त्या वेळी सूर्य मावळलेला आहे. ऑन-ग्रिड, ऑफ-ग्रिड, हायब्रिड, कशाचीही पॅनेल असोत, ती काही देत नाहीत. तेव्हा फक्त बॅटरी कामाला येते. ते काम तर खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं वापरात असलेला घरगुती इन्व्हर्टर करतोच. १५० एएचच्या दोन बॅटऱ्या निम्म्यापर्यंत उतरवल्या आणि वाटेतली घट वजा केली, तरी दीड युनिट मिळतं. म्हणजे दोन तास आरामात निघतात आणि चार तासही जेमतेम भागतात. अशा घरानं ऑन-ग्रिड बसवावी आणि जुना इन्व्हर्टर तसाच ठेवावा. बॅटरी भरायला लागणारी वीज सौर युनिटांतून वळती होते. फक्त जोडणीवर लक्ष हवं. सौर इन्व्हर्टरची वायर घरगुती इन्व्हर्टरच्या आधी, मीटरकडच्या बाजूला जोडली पाहिजे. ती चुकून घरगुती इन्व्हर्टरच्या पुढच्या लाइनवर गेली, तर लाइट गेल्यावर सौर इन्व्हर्टर त्यालाच बाहेरची लाइन समजून त्यात उलटी वीज ढकलू शकतो आणि तो जळू शकतो.

लाइट दिवसा जात असेल तर चित्र बदलतं. सकाळी दहा ते दुपारी दोन या चार तासांत तीन किलोवॉटची यंत्रणा स्वच्छ उन्हात आठेक युनिट देते, म्हणजे दिवसाच्या उत्पन्नातला मोठा वाटा. महिन्यातून सहा वेळा अशी लाइट गेली, तर ऑन-ग्रिडवाल्याची ४८ युनिट बुडतात. युनिटला दहा रुपये धरले तरी हे महिन्याचे ४८० रुपये होतात. उलट पाच युनिटची लिथियम बॅटरी आजच्या बाजारात लाखाच्या आगेमागे जाते, आणि हायब्रिड इन्व्हर्टरही साध्यापेक्षा बराच महाग असतो. अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर ठरतं, बॅटरीसाठी वेगळं काही मिळत नाही. त्यातही विक्रेते सहसा न सांगणारी गोष्ट अशी की लाइन नसताना हायब्रिडही उरलेली वीज बाहेर पाठवू शकत नाही. बॅटरी आधीच भरलेली असेल, तर त्या आठ युनिटांपैकी घर वापरेल ती दीड युनिटच वाचतात.

म्हणून बुडालेली युनिट वाचवण्यासाठी हायब्रिड घेऊ नये. काम थांबू नये म्हणून घ्यावी. घरात शिलाई मशीनवर धंदा चालतो, कुणी ऑनलाइन नोकरी करतं, आजारी माणसाचं यंत्र चालू राहायला हवं, आणि दिवसा तीन-चार तास लाइट जाणं नेहमीचं आहे, अशा घराला ती पुरेपूर उपयोगी पडते. दुसरी जागा म्हणजे वादळवाऱ्याचा पट्टा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, खांब आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतल्या अनेक गावांनी पुढचे कित्येक दिवस अंधारात काढले. अशा वेळी घरगुती इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपतो, कारण त्याला भरायला लाइन नसते. हायब्रिडची बॅटरी मात्र ऊन पडलं की पुन्हा भरू लागते.

कोकणातली खरी अडचण जून ते ऑगस्टची आहे. लाइट सर्वांत जास्त तेव्हाच जाते आणि ऊनही तेव्हाच सर्वांत कमी असतं. म्हणून पावसाळ्यात इन्व्हर्टरचं सेटिंग बदलावं लागतं. बॅटरी लाइनवरूनही भरू द्यावी आणि तिचा ठरावीक हिस्सा लाइट जाण्यासाठी राखून ठेवावा. काही मशीनच्या स्क्रीनवर SBU असा पर्याय दिसतो. त्यात आधी सूर्य, मग बॅटरी आणि शेवटी लाइन असा क्रम असतो. उन्हाळ्यात तो ठीक आहे. पावसाळ्यात मात्र तो तसाच राहिला, तर लाइन असतानाही घर बॅटरीवर चालतं आणि नेमकी लाइट जाते तेव्हा बॅटरी रिकामी सापडते.

पंप आणि गिझर बॅटरीच्या लाइनवर घेऊ नयेत. एक एचपीचा पंप चालताना ७५० वॉटपेक्षा जास्तच घेतो, पण सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. गिझर तर एकटाच दोन किलोवॉट खातो. म्हणून हायब्रिड बसवताना बॅटरीवर चालणाऱ्या दिवे-पंख्यांसाठी वेगळा डीबी बॉक्स करून घ्यावा. हे वायरिंग कोटेशनमध्ये आहे की नाही, ते आधीच पाहावं.

बाजारात ‘हायब्रिड’ हे नाव सैल वापरलं जातं. सूर्य कमी पडला की लाइनवरून बॅटरी भरणारा, पण वीज बाहेर पाठवू न शकणारा सोलर पीसीयूसुद्धा या नावानं विकला जातो. तो मुळात ऑफ-ग्रिडच असतो. विक्रेत्याला दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात. हे मशीन नेट मीटरला जोडता येतं का? लाइन गेल्यावर पॅनेल चालू राहतात का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच ती खरी हायब्रिड.

बॅटरीचे पैसे आज नसतील तर मधला रस्ताही आहे. सुरुवातीलाच हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा आणि बॅटरी पुढच्या वर्षी जोडावी. त्यासाठी कोणत्या बॅटऱ्या त्या इन्व्हर्टरला चालतात याची कंपनीची यादी आताच मागून घ्यावी. हे करण्यापूर्वी महिनाभर एका वहीत लाइट जाण्याची आणि येण्याची वेळ लिहून काढावी. त्या वहीत संध्याकाळचे तास जास्त भरले, तर ऑन-ग्रिड आणि साधा इन्व्हर्टर पुरतो.

आणि हायब्रिड बसवलीच, तर शेवटचा हप्ता देण्याआधी उन्हाच्या वेळी बसवणाऱ्याच्या समोर मेन स्विच पाडायला सांगा. पंखे चालू राहतात का, फ्रिज सुरू होताना मशीन ट्रिप होतं का, आणि स्क्रीनवर पॅनेलचा आकडा शून्यावर तर येत नाही ना, हे पंधरा मिनिटं उभं राहून स्वतः पाहा.