विष टिकतं, उतारा सरतो

जीवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची एक छोटी कडी अनेकदा असते. तिला प्लास्मिड म्हणतात. लंडनमध्ये साल्मोनेला जीवाणूत सापडलेली आर-१ ही त्यातली एक. अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, कॅनामायसिन अशा औषधांना दाद न देण्याचे जनुक तिच्यावर आहेत.

या कडीच्या प्रती पेशीत मोजक्याच असतात, आणि तिथेच तिची अडचण होते. समजा, पेशी दुभंगताना चार प्रती आहेत आणि त्यांची वाटणी नशिबावर सोडली, तर आठातल्या एका विभाजनात एक लेक रिकाम्या हाताने निघेल. म्हणून आर-१ प्रथिनांचे तंतू उभारून प्रतींना पेशीच्या दोन टोकांकडे ढकलते. तरीही एखादी लेक सुटतेच. तिच्यासाठी ‘हॉक’ आणि ‘सॉक’ ही जनुकांची जोडी आहे.

हॉक हे विष, अवघ्या ५२ अमिनो आम्लांचं प्रथिन. ते पेशीचं पटल निकामी करतं. ते बनवण्याचा निरोप, म्हणजे हॉकचा आरएनए, आधी स्वतःवरच घडी घालून निष्क्रिय पडून राहतो. त्याचं एक टोक सावकाश कुरतडलं गेलं की घडी बदलते आणि तो वाचता येतो. पण सॉक नावाचा छोटा आरएनए भरपूर तयार होत असतो. तो या जाग्या झालेल्या निरोपाला चिकटतो, मग पेशीतलं एक विकर दोघांनाही कापून टाकतं. विष तयारच होत नाही.

खरी मेख दोघांच्या आयुष्यात आहे. सॉक मिनिटभरही टिकत नाही. हॉकचा निरोप कितीतरी जास्त काळ टिकतो. प्लास्मिड न मिळालेल्या लेकीला आईच्या पेशीरसातून दोन्ही मिळतात, पण नवा सॉक बनवणारं जनुक मात्र मिळत नाही. उतारा संपतो, साठलेले निरोप एकेक करून जागे होतात, विष बनतं आणि पेशी मरते.

केन गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये डेन्मार्कमधून हे मांडलं. तापमान वाढवलं की ज्याच्या प्रती बनणं थांबतं, असं प्लास्मिड त्यांनी वापरलं. पेशी वाढत राहिल्या, प्रती वाटल्या जाऊन विरळ झाल्या, आणि जिवंत पेशींची संख्या वाढायची थांबली. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना गडद, मधे पारदर्शक अशा मृत पेशी दिसल्या. संशोधक त्यांना ‘भूतपेशी’ म्हणतात.

या व्यवस्थेला प्लास्मिड ‘टिकवणारी’ म्हणायची पद्धत आहे. मला ते थोडं फसवं वाटतं. हॉक-सॉक एकही प्रत कुणाला पोचवत नाही. ज्यांना ती मिळाली नाही त्यांना मारून गणतीतून वगळतं, एवढंच. पण तेवढ्याने औषध बंद केल्यावरही प्रतिकाराची जनुकं जीवाणूंच्या वस्तीतून सहज गळून पडत नाहीत.