ग्राउंड आणि लेखी: एका दिवसात दोन्ही कसं बसवायचं?

आपल्या वसई-विरार पट्ट्यातल्या पुष्कळ मुली पोलीस भरतीची तयारी करतात. गटाच्या बैठकीत त्यांच्या आया एकच प्रश्न विचारतात, "पोरगी पहाटे धावून येते आणि पुस्तक घेतलं की पेंगते. मग धावणं कमी करायचं की अभ्यास?" आज याच प्रश्नावर बोलू या.

आधी गुणांचा हिशोब समजून घेऊ. महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची असते. मुलींच्या ग्राउंडमध्ये 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण आहेत. ग्राउंड आधी होतं. त्यात निम्मे, म्हणजे 25 गुण तरी मिळवावे लागतात. पण तेवढ्यावर लेखीला बसता येईलच असं नाही, कारण एका जागेमागे साधारण दहा उमेदवारांनाच लेखीला बोलावतात, तेही ग्राउंडच्या गुणांच्या क्रमाने. शेवटच्या यादीसाठी मात्र दोन्हींची बेरीज होते. म्हणजे ग्राउंड हे दार आहे आणि घरातली जागा लेखी ठरवते. ग्राउंड कच्चं राहिलं तर केलेला अभ्यास कागदावर उतरवण्याची संधीच मिळत नाही.

सैन्याच्या अग्निवीर भरतीत क्रम उलटा आहे. तिथे 2023 पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी होते आणि मैदानी मेळावा नंतर. म्हणून मुलगी कोणत्या भरतीचा फॉर्म भरते आहे ते आधी पाहा. जी परीक्षा पहिली, तिला सुरुवातीला जास्त वेळ द्यायचा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, अर्नाळ्याची एक मुलगी आहे. बारावी झाली आहे. आई सकाळीच मासळी घेऊन बाजारात जाते. मुलगी दुपारी बारा ते सात विरारला दुकानात काम करते. तिला 800 मीटरला 3 मिनिटं 15 सेकंद लागतात. तिला वाटतं ताकद कमी पडते, म्हणून ती रोज जीव तोडून धावते आणि दिवसभर थकलेली असते.

तिची वेळ दोन तुकड्यांत मोजली की खरं कारण कळतं. पहिले 400 मीटर ती 80 सेकंदांत धावते आणि पुढच्या 400 ला तिला 115 सेकंद लागतात. सुरुवातीलाच सगळा दम संपतो. तिने पहिला अर्धा भाग 92 सेकंदांत धावला आणि दुसराही तसाच टिकवला, तर एकूण वेळ 3 मिनिटं 4 सेकंद होते. अकरा सेकंद वाचले, तेही जास्त न धावता. हा वेग अंगवळणी पाडायला आठवड्यातून एकदा 200 मीटर सहा वेळा धावायचं, प्रत्येक वेळी 46 सेकंदांत, आणि मध्ये दोन मिनिटं चालायचं. सहावी फेरीही पहिलीइतक्याच वेळेत झाली की पुढच्या आठवड्यात एक सेकंद कमी करायचा.

म्हणजे जोरात धावणं रोज नको. आठवड्यातले दोन दिवस जड ठेवा: एक दिवस 200 मीटरच्या फेऱ्या, एक दिवस 100 मीटर आणि गोळाफेक. तीन दिवस हलकं धावणं, बोलता येईल इतक्या वेगाने अर्धा तास. उरलेले दोन दिवस पूर्ण विश्रांती. पूर्ण 800 मीटर घड्याळ लावून पंधरा दिवसांतून एकदाच धावायचं.

अभ्यास याच आठवड्याला जोडायचा. लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान व चालू घडामोडी असे चार विषय असतात. गणित आणि बुद्धिमत्तेला ताजं डोकं लागतं, म्हणून ते हलक्या धावण्याच्या आणि विश्रांतीच्या दिवशी. जड दिवशी व्याकरणाची उजळणी, वर्तमानपत्र आणि जुन्या चुकांची वही. धावल्यावर पेंग येते ती बहुधा उपाशीपोटी पुस्तक उघडल्यामुळे किंवा अपुऱ्या झोपेमुळे. आल्यावर आंघोळ, पोटभर नाश्ता आणि मगच अभ्यास.

आपल्या अर्नाळ्याच्या मुलीचा दिवस असा बसतो. साडेपाच ते साडेसहा मैदान. आठपर्यंत नाश्ता आणि घरकाम. आठ ते साडेदहा अभ्यास. कामावरून आल्यावर जेवण आणि साडेआठ ते साडेनऊ उजळणी. दहाला झोप. साडेतीन तास अभ्यास होतो आणि सात तास झोप मिळते. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे. एका प्रश्नाला 54 सेकंद येतात. तिथेही 800 मीटरसारखंच आहे. सुरुवातीच्या अवघड गणितात वेळ घालवला की शेवटचे सोपे प्रश्न राहून जातात.

आपल्याकडच्या मुली किनाऱ्यावर धावतात, त्याबद्दल दोन गोष्टी. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकते, त्यामुळे ओली घट्ट वाळू रोज एकाच वेळी मिळत नाही. समुद्राच्या वेळेप्रमाणे धावायला गेलं की अभ्यासाची वेळ मोडते. शिवाय वाळूवरची वेळ ग्राउंडच्या वेळेशी जुळत नाही आणि उतारावर एकाच बाजूला धावलं की एका पायावर ताण येतो. हलक्या दिवशी ओहोटी सोयीची असेल तर किनारा चालेल. वेळ मोजायची असेल तेव्हा शाळेचं मैदान गाठा.

जास्त होतंय हे ओळखायचं कसं? सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजून वहीत लिहा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील आणि वेळही बिघडत असेल, तर त्या दिवशी विश्रांती. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. ते दुखणं तसंच रेटलं तर हाडाला चीर पडू शकते. लवकर धाप लागत असेल किंवा पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असेल तर नुसत्या सरावाने वेळ सुधारत नाही.

ग्राउंड झालं की त्याचे गुण ठरले. तिथून लेखीपर्यंत आठवड्यातून तीन वेळा हलकं धावलं तरी पुरे. बाकीची सकाळ अभ्यासाला द्यावी.

या वेळापत्रकातली सगळ्यात नाजूक जागा आहे सकाळचं साडेसहा ते आठ. तिथे स्वयंपाक, पाणी आणि धाकट्या भावंडांची तयारी पडली, तर आधी अभ्यास जातो आणि मग झोप. घरात भाऊ असेल तर पाणी त्याने भरावं. आपल्या गटाने चार किलोचा एक गोळा आणि मोजायची एक टेप घेतली, तर गावातल्या सगळ्या मुलींना वापरता येईल. आणि पंधरा दिवसांतून एकदा मोबाइलवर वेळ लावायला आपल्यापैकी एकीने मैदानावर जावं. पहिल्या 400 मीटरची वेळ वेगळी लिहायला मात्र विसरू नका.