चॅट एकच, स्क्रीनशॉट दोन: पाठवणारा गोष्ट कशी बदलतो?

ग्रुपवर एक स्क्रीनशॉट येतो. खाली एकच ओळ असते, 'बघा, लोक कसे बोलतात'. पाच मिनिटांत कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरूनही जातं.

असा स्क्रीनशॉट खोटा असेल का, अशी शंका आता बऱ्याच जणांना येते आणि ते चांगलंच आहे. पण मैत्रिणींच्या, नातेवाइकांच्या किंवा ऑफिसमधल्या भांडणांत स्क्रीनशॉट सहसा खरेच असतात. एक अक्षरही न बदलता त्यातल्या माणसाचा सूर मात्र बदलता येतो. तो कसा बदलतो, हे कळण्यासाठी एकाच चॅटचे दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवून बघू. हा संवाद उदाहरणासाठी रचलेला आहे आणि नावंही काल्पनिक आहेत.

रुचा आणि मीनल पुण्यात एका फ्लॅटमध्ये राहतात. भाडं १८ हजार, निम्मं-निम्मं. रुचा फ्लॅट सोडून गावी गेली आहे. तिच्या जागी येणारी मुलगी तिनेच शोधून द्यायची, असं ठरलंय. तिचं डिपॉझिट मीनलकडे आहे. पूर्ण चॅट असं:

शनिवार
मीनल, सकाळी ९:१२: अगं, दुसरी मुलगी मिळाली का गं? घरमालक काका विचारत होते
मीनल, दुपारी १:४०: रुचा?
(संध्याकाळी ६:०५, मीनलचा मिस्ड कॉल)

रविवार
मीनल, १०:२०: बघ हं, १ तारखेला १८ हजार मला एकटीला भरायला लागतील. नाही जमणार गं
रुचा, १०:५५: (व्हॉइस मेसेज, ४८ सेकंद)
मीनल, ११:०२: हो गं, कळतंय. काकूंची तब्येत आधी. पण मला काहीतरी सांगून ठेव ना
रुचा, ११:०३: हो हो, उद्या नक्की सांगते 🙏

सोमवार
मीनल, रात्री ९:३०: काही झालं का?
मीनल, ९:३१: तू नेहमी असंच करतेस.
मीनल, ९:३४: मग डिपॉझिटमधून कापून घेईन
रुचा, ९:५०: ठीक आहे. घे कापून.
रुचा, ९:५१: तुला पैशांपलीकडे काही दिसतच नाही
मीनल, ९:५२: सॉरी, जरा जास्तच बोलले. फोन कर ना

रुचाचा स्क्रीनशॉट

रुचाने कॉलेजच्या ग्रुपवर एकच चित्र टाकलं. त्यात तीन ओळी आहेत: 'तू नेहमी असंच करतेस.', 'मग डिपॉझिटमधून कापून घेईन' आणि तिचं स्वतःचं उत्तर, 'ठीक आहे. घे कापून.' वर तिने लिहिलंय, 'आई दवाखान्यात आहे आणि इकडे हे चाललंय.'

हे वाचणाऱ्याला मीनल निष्ठुर वाटणार, यात शंका नाही. पण ती निष्ठुर नेमकी कशामुळे वाटते? 'तू नेहमी असंच करतेस' हे वाक्य मूळ चॅटमध्ये तीन दिवसांच्या वाट पाहण्याच्या शेवटी येतं. इथे तेच पहिलं वाक्य झालंय. आधी काही दिसत नसल्याने ते वैतागाचं न राहता हल्ल्याचं होतं. 'असंच' म्हणजे कसं, हे वाचणाऱ्याला माहीत नसतं. मग तो रुचाने वर लिहिलेल्या ओळीतून ते भरून काढतो: 'असंच' म्हणजे आईची काळजी घेणं.

दुसरी गोष्ट खास मराठीतली आहे. शनिवारची आणि रविवारची मीनल वाचा. 'अगं', 'का गं', 'बघ हं', 'ठेव ना'. पैशांची अडचण सांगतानाही तिच्या प्रत्येक वाक्याला असा एखादा मऊ शब्द चिकटलेला आहे. सोमवारी रात्री तो अचानक गायब होतो. पूर्ण चॅट वाचणाऱ्याला हे गायब होणं कळतं आणि ती आज चिडली आहे, एरवी अशी बोलत नाही, हेही कळतं. फक्त सोमवारच्या दोन ओळी पाहणाऱ्याला वाटतं की ही बाई अशीच बोलते. एका संध्याकाळचा राग स्वभाव म्हणून समोर येतो. माझ्या मते कातरलेल्या स्क्रीनशॉटने होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

मीनलची माफी या चित्रात नाही. ती रुचाने लपवली का? तसं असेलच असं नाही. स्क्रीनशॉटच्या वरच्या पट्टीत फोनचं घड्याळ दिसतं. तिथे ९:५० असेल, तर चित्र घेतलं तेव्हा माफी आलेलीच नव्हती. पण ग्रुपवर ते सव्वादहाला गेलं असेल, तर माफी येऊन वीस मिनिटं झाली होती. एकाच चित्राची ही दोन वेगवेगळी उत्तरं आहेत. त्यामुळे ती वरची पट्टी कातरलेली असेल तर ती कुठे गेली, असं विचारायला हरकत नाही.

मीनलचा स्क्रीनशॉट

मीनलने दोन चित्रं पाठवली. पहिलं शनिवार सकाळपासून रविवारच्या 'नाही जमणार गं'पर्यंत आहे. दुसरं सोमवारी रात्री साडेनऊपासून रुचाच्या 'तुला पैशांपलीकडे काही दिसतच नाही'पर्यंत. 'तीन दिवस मागे लागलेय, आणि वर हे ऐकून घ्यायचं,' असं तिने लिहिलंय.

आता 'ठीक आहे. घे कापून.' हेच वाक्य पुन्हा वाचा. रुचाच्या चित्रात ते थकलेल्या, हरलेल्या मुलीचं होतं. इथे ते उर्मट वाटतं. चार शब्द तेच आहेत आणि पूर्णविरामही तेच आहेत. फरक आहे तो मधल्या गाळलेल्या आठ मिनिटांचा, १०:५५ ते ११:०३. त्यातच व्हॉइस मेसेज होता, त्यातच काकूंची तब्येत होती आणि मीनलला ती माहीत होती, हेही त्यातच होतं.

मीनलच्या चित्रांत आणखी एक गोष्ट आहे, जी रुचाच्या फोनमध्ये दिसूच शकत नाही. व्हॉट्सअॅपवर टिका फक्त आपण पाठवलेल्या मेसेजखाली दिसतात. त्यामुळे 'रुचा?' या मेसेजशेजारच्या दोन निळ्या टिका मीनलच्याच स्क्रीनशॉटमध्ये येतात, आणि 'वाचलं पण उत्तर दिलं नाही' हा आरोप ती न लिहिताही करू शकते. रुचाच्या फोनमध्ये त्याच मेसेजखाली फक्त वेळ असते. वरचं नावही तसंच. समोरच्याचं नाव आपण जसं सेव्ह केलं असेल तसं दिसतं. 'मीनू' आणि 'मीनल फ्लॅट (पैसे)' या दोन नावांखाली एकच वाक्य वेगळं ऐकू येतं.

इमोजी गळली आणि कोर्टात गेली

असाच प्रश्न अमेरिकेत एका मोठ्या खटल्यात आला होता. अभिनेत्री ब्लेक लाइव्हलीने 'इट एन्ड्स विथ अस' या सिनेमाचा दिग्दर्शक आणि सहकलाकार जस्टिन बाल्डोनी याच्याविरुद्ध तक्रार केली. त्याच्या बाजूच्या पीआर सल्लागारांनी आपल्या बदनामीची मोहीम चालवली, असाही आरोप तिने केला. 'द न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०२४ मध्ये यावर बातमी केली आणि त्यात या सल्लागारांचे आपसातले मेसेज छापले. एका ठिकाणी लाइव्हलीविरोधी लेखाबद्दल एक जण दुसरीला 'कमालच केलीस' अशा अर्थाचं म्हणते. दुसरी म्हणते की, म्हणूनच तर मला कामावर घेतलंत ना. नुसतं वाचलं तर ही कबुलीच वाटते.

बाल्डोनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३१ डिसेंबर २०२४ रोजी टाइम्सवर २५ कोटी डॉलरचा दावा लावला. मूळ संवादात उलट्या हसऱ्या चेहऱ्याची इमोजी होती, ती बातमीत नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं. हा लेख आपण घडवून आणलेला नाही, असं सांगणारा भागही गाळला आणि चेष्टा कबुली म्हणून छापली गेली, असंही ते म्हणाले. जून २०२५ मध्ये न्यायाधीश लुईस लिमन यांनी हा दावा फेटाळला. टाइम्सने हाती असलेले पुरावे पाहून, कदाचित थोडं नाट्यमय करून, पण जे घडलं असं वाटलं तेच मांडलं, अशा आशयाचं मत त्यांनी नोंदवलं.

म्हणजे सूर बदलला तरी ती कायद्याच्या भाषेत बदनामी ठरतेच असं नाही. इमोजी असती तर सगळे निर्दोष ठरले असते, असंही नाही. उलटा चेहरा लोक टोमण्यासाठी वापरतात, हताशपणासाठी वापरतात आणि कधी खऱ्या बढाईवर पांघरूण घालायलाही वापरतात. पण ती दिसली असती तर वाचणारा तिथे थांबून विचारात पडला असता. 'व्हायरल चॅट' टाइप करून बातमीत घेताना आम्ही पत्रकार मजकूर घेतो आणि चेहरे बऱ्याचदा सोडतो, म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

मग तपासायचं कसं?

आधी उजवीकडे कोण आहे ते बघा. उजवीकडचे फुगे त्या फोनच्या मालकाचे असतात, म्हणजे चित्र कोणाच्या बाजूने घेतलंय ते कळतं. मग पहिली ओळ वाचा आणि हे कशाचं उत्तर असेल, असं स्वतःला विचारा. उत्तर सापडत नसेल तर चित्र मध्येच सुरू झालंय. एकापेक्षा जास्त चित्रं असतील, तर पहिल्याची शेवटची ओळ दुसऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा दिसते का ते पाहा. मीनलच्या चित्रांत ती दिसत नाही, आणि मधला रविवार तिथेच निसटतो.

स्क्रीनशॉटऐवजी चॅट वरपासून खालपर्यंत सरकवत केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग मागितलं तर जोड लपत नाहीत. पण त्यालाही मर्यादा आहे. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तर मेसेज काढल्याची खूण राहते, आणि मेसेज एडिट केला तर तशी नोंद त्याच्याशेजारी दिसते. 'डिलीट फॉर मी' केलं तर आपल्या फोनमधून मेसेज कोणतीही खूण न ठेवता जातो आणि वरखालचे मेसेज एकमेकांना येऊन चिकटतात. मीनलने रविवारची ती आठ मिनिटं अशी काढली असती, तर तिचं रेकॉर्डिंगही अखंड दिसलं असतं. ते पकडायचा सोपा मार्ग एकच, तेच चॅट रुचाच्या फोनवर बघणं.

आणि दोन्ही फोन शेजारी ठेवले तरी व्हॉइस मेसेजच्या जागी दिसते ती एक रेघ आणि '०:४८'. रुचा तेव्हा रडत होती की कारणं देत होती, हे कळायला तो मेसेज लावून ऐकावा लागतो.